सर, दोन अर्थ निघतायत: असाइनमेंट सुरू करायच्या आधीचा मेल कसा लिहायचा

एमटेकला गेटच्या स्टायपेंडवर होतो तेव्हा आठवड्याला आठ-दहा तास टीएचं काम करावं लागायचं, म्हणजे थर्ड इयरच्या पोरांची ऑपरेटिंग सिस्टिमची लॅब बघायची, असाइनमेंट तपासायच्या आणि सरांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलेले डाउटचे मेल निस्तरायचे. सर मला सरळ फॉरवर्ड करायचे, वर एक शब्द, "बघ". त्यातले बरेचसे मेल असे असायचे: "रिस्पेक्टेड सर, असाइनमेंट ३ मध्ये डाउट आहे, प्लीज क्लिअर करा." आता याला उत्तर काय देणार, "कोणता डाउट?" एवढंच. मग पोरगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिणार "सर तो मुद्दा ४ चा", मग मी विचारणार मुद्दा ४ मध्ये नेमकं काय, आणि या पिंगपाँगमध्ये आठवडा गेला की सबमिशन दारात उभं.

उलट काही मेल असे यायचे की सर लिफ्टमध्ये उभ्या उभ्या फोनवरून उत्तर द्यायचे. उत्तर म्हणजे तरी काय, एक अक्षर: "अ". असा मेल कसा तयार होतो तेच सांगतो, आणि एकच असाइनमेंट घेऊन सांगतो, कारण असं हवेत बोलून काही कळत नाही. तुमचा विषय वेगळा असेल तरी रीत हीच.

असाइनमेंट काय होती

राउंड रॉबिन शेड्युलिंगचा प्रोग्रॅम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत: सीपीयू एक, प्रोसेस अनेक, प्रत्येकीला ठरावीक वेळ (क्वांटम) मिळतो, वेळ संपला की तिला उठवून रांगेच्या शेवटी पाठवायचं आणि पुढचीला बसवायचं. प्रत्येक प्रोसेसचे दोन आकडे दिलेले असतात, ती कधी येते आणि तिला एकूण किती वेळ सीपीयू लागतो, म्हणजे तिचा बर्स्ट. प्रोग्रॅमने कोण कधी चाललं तो क्रम छापायचा आणि सरासरी वेटिंग टाइम छापायचा, म्हणजे प्रोसेस आल्यावर रांगेत किती वेळ ताटकळली त्याची सरासरी.

शीटवर मुद्दा ४ असा होता (शीट इंग्रजीत होतं, मी अर्थ देतोय): "क्वांटम संपलेली प्रोसेस रांगेच्या शेवटी जाईल. नवीन आलेली प्रोसेस रांगेच्या शेवटी जाईल. सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत छापा." वाचायला एकदम स्वच्छ. शंभर पोरांनी वाचलं, नव्वदांना काही खटकलंच नाही, आणि गंमत अशी की दोन तट पडले. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं आणि दुसरा अर्थ आहे हेच कुणाच्या गावी नव्हतं.

खटका कुठे आहे बघा. ज्या क्षणाला जुनीचा क्वांटम संपला नेमकी त्याच क्षणाला नवीन आली तर? दोघींनाही "शेवटी" जायचंय. आधी कोण? नवीन आधी, हा झाला अर्थ अ, आणि जुनी आधी, हा अर्थ ब.

मेल लिहायच्या आधी: हातात पेन घ्या

डाउट आला की लगेच मेल उघडू नका. आधी शीट परत वाचा आणि दोन्ही अर्थ कागदावर पूर्ण वाक्यात लिहून काढा. नुसतं "कळत नाहीये" हा डाउट नाही, "याचे अ आणि ब असे दोन अर्थ होतात" हा डाउट आहे. दुसरा अर्थ लिहिताच येत नसेल तर बहुतेक वेळा शीट गोंधळाचं नसतं, आपल्याला विषय कळलेला नसतो, आणि मग सरांना मेल नको, नोट्स हव्यात किंवा शेजारचा मित्र हवा. हे कडू आहे पण टीए म्हणून सांगतो, आलेल्या मेलपैकी निम्मे तरी याच खात्यातले असायचे.

दोन अर्थ लिहून झाले की शीटमधलं सॅम्पल दोन्ही अर्थांनी हाताने सोडवा. हे कुणी करत नाही आणि नेमकं यातच सगळं आहे. आमच्या शीटमधलं सॅम्पल असं होतं, क्वांटम २:

```
P1 0 4
P2 1 2
P3 8 2

P1 P2 P1 IDLE P3
1.00
```

पहिला आकडा येण्याची वेळ, दुसरा लागणारा वेळ. आता सोडवा. P1 ० ते २ चालली, मधेच १ ला P2 येऊन रांगेत उभी राहिली, २ ला P1 तिच्या मागे गेली. P2 २ ते ४ चालून संपली, P1 ४ ते ६ चालून संपली, मग ८ पर्यंत कुणीच नाही, मग P3. वेटिंग २, १ आणि ०, सरासरी १. आता यात "क्वांटम संपणं आणि नवीन येणं एकाच क्षणाला" असं कुठे झालं? कुठेच नाही. म्हणजे अ धरा नाहीतर ब धरा, सॅम्पलचं उत्तर तेच येतं, आणि म्हणूनच दोन्ही तटांच्या पोरांचे प्रोग्रॅम सॅम्पलवर पास होत होते आणि सगळे निवांत झोपले होते.

पण याच सॅम्पलने दुसरे दोन डाउट जागीच मारले. एका पोराला विचारायचं होतं की सीपीयू रिकामा असेल तर काही छापायचं का. सॅम्पलमध्ये IDLE डोळ्यासमोर आहे. दुसऱ्याला विचारायचं होतं की सरासरी पूर्णांक आली तर 1 छापू की 1.00. तेही छापलेलंच आहे. हे दोन प्रश्न मेलमध्ये गेले असते तर सरांनी "सॅम्पल बघा" म्हटलं असतं आणि तिसरा, खरा प्रश्न त्यांनी त्याच मूडमध्ये वाचला असता.

सॅम्पल झालं की पुस्तक. आमच्याकडे ऑपरेटिंग सिस्टिम म्हटलं की गॅल्विन, मुखपृष्ठावर डायनासोर. त्यात राउंड रॉबिनचं पहिलं उदाहरण आहे ते २४, ३ आणि ३ असे तीन बर्स्ट, क्वांटम ४, आणि तिन्ही प्रोसेस ० ला आलेल्या. सगळ्याच ० ला आल्यात म्हटल्यावर नंतर कुणी यायचंच नाही, आपला प्रश्न उद्भवतच नाही, पुस्तकाची मदत शून्य. पण तिथेच दुसरा एक डाउट उगवतो. त्या उदाहरणात वेटिंग ६, ४ आणि ७ येतं, बेरीज १७, भागिले ३, आणि पुस्तकात उत्तर छापलंय ५.६६. तेच तुम्ही सीमध्ये `printf("%.2f", 17.0/3)` करा, येतं 5.67. म्हणजे "दोन दशांश स्थळांपर्यंत" म्हणजे पुढचं कापून टाकायचं का जवळच्या आकड्याला न्यायचं? सॅम्पलमध्ये १.०० आहे, त्यावरून काही कळत नाही. हा झाला दुसरा खरा डाउट.

शेवटी क्लासरूमवरची पोस्ट, क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि लॅबमध्ये तोंडी सांगितलेलं, एवढं एकदा चाळा. ग्रुपवर कुणी "सर म्हणाले अ" असं लिहिलं असेल तर कधी म्हणाले आणि कुणाला म्हणाले ते विचारा, कारण ग्रुपवरचे "सर म्हणाले" हे पुष्कळदा "मला वाटतं सर म्हणतील" असतं.

विचारायचं की स्वतः ठरवायचं

आता एक प्रश्न स्वतःला विचारा: तपासणार कोण, माणूस की स्क्रिप्ट? माणूस तपासणार असेल तर बऱ्याच गोष्टी तुम्ही स्वतः ठरवून README मध्ये "मी असं धरलं आहे" लिहिलं की भागतं, आणि काही शीटवर तर स्पष्टच असतं, योग्य ती गृहीतकं धरा. ते वाक्य असेल तर सरांनी दार मुद्दाम उघडं ठेवलंय, तुम्ही काय ठरवता आणि का ठरवता तेच त्यांना बघायचंय, मेल करून ते दार बंद करून घेऊ नका.

पण स्क्रिप्ट असेल तर गृहीतक कुणी वाचत नाही. आमची स्क्रिप्ट काय करायची, तर प्रत्येक टेस्टचं आउटपुट एका फाइलमध्ये घ्यायची आणि अपेक्षित फाइलशी `diff` लावायची. `diff` ला तुमचं README दिसत नाही, त्याला 5.66 आणि 5.67 हे दोन वेगळे मजकूर दिसतात, बास, शून्य. म्हणून साधी चाळणी अशी: ज्या डाउटने छापलेलं आउटपुट बदलतं तो मेलमध्ये जातो, ज्याने फक्त तुमच्या कोडची आतली रचना बदलते तो जात नाही. अ‍ॅरे वापरू की लिंक्ड लिस्ट, हे विचारू नका. तपासणी कशी होणार हेच माहीत नसेल तर ते मात्र विचारायला हरकत नाही, लॅबमध्ये तोंडी विचारलं तरी चालतं.

चाळणीनंतर आमच्याकडे दोन डाउट उरले. दोन चालतात, तीन ओढूनताणून चालतात. पाच उरले असतील तर मेल करू नका, सरांची वेळ मागा आणि शीट घेऊन समोर बसा, कारण पाच प्रश्नांच्या मेलला उत्तर देणं म्हणजे सरांना एक असाइनमेंट लिहिण्यासारखंच आहे आणि ते काम मग "उद्या बघू" मध्ये जातं.

उदाहरण लहान करा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे. तुमच्या डोक्यात दोन अर्थ स्पष्ट आहेत पण सरांनी हे शीट मागच्या वर्षीचं उचलून तारखा बदलून टाकलंय, त्यांच्या डोक्यात सध्या दुसऱ्या विषयाचे पेपर आहेत. त्यांना वाक्यात समजावत बसलात तर तुमचं वाक्यही दोन अर्थांचं होतं. त्यापेक्षा आकडे द्या, आणि कमीत कमी आकडे द्या.

पहिल्यांदा मी एका ग्रुपचं उदाहरण बघितलं ते तीन प्रोसेसचं होतं, बर्स्ट ५, ३ आणि १, येण्याची वेळ ०, २ आणि ४, क्वांटम २. त्यांनी दोन्ही अर्थांनी सोडवून पाठवलं होतं, मेहनत भरपूर, पण बघा काय झालं: नवीन आधी धरलं तर वेटिंग ४, ३, २ येतं आणि जुनी आधी धरलं तर २, ४, ३. दोन्हीची बेरीज ९, दोन्हीची सरासरी ३.००! सरांनी वरवर बघितलं, शेवटचा आकडा सारखाच, लिहिलं "सेम आन्सर, नो इश्यू". क्रम वेगळा होता आणि स्क्रिप्ट क्रमही तपासणार होती, पण ते त्या मेलमधून कुणाला दिसलंच नाही.

म्हणून उदाहरण असं शोधायचं की फरक ठळक दिसेल. दोनच प्रोसेस घेतल्या तर? P1 ० ला येते, बर्स्ट ३. P2 २ ला येते, बर्स्ट २. क्वांटम २. २ या क्षणाला P1 चा क्वांटम संपतो आणि P2 येते, नेमका आपला पेच. नवीन आधी धरली तर P1 (०-२), P2 (२-४), P1 (४-५), वेटिंग २ आणि ०, सरासरी १.००. जुनी आधी धरली तर P1 २ ला उठून लगेच परत बसते, ३ ला संपते, मग P2 ३ ते ५, वेटिंग ० आणि १, सरासरी ०.५०. दोन ओळींचं उदाहरण, सरासरीत दुपटीचा फरक, वाद संपला. हे शोधायला मला वहीच्या मागच्या पानावर पंधरा मिनिटं लागली असतील, पण ती पंधरा मिनिटं तुम्ही घालवली नाहीत तर सरांना घालवावी लागतात आणि ते घालवत नाहीत.

आता मेल

मराठीत की इंग्रजीत, तर सर ज्या भाषेत शीट देतात आणि ज्या भाषेत मेलला उत्तर देतात त्यात. आमच्या कॉलेजात सर मराठी होते तरी मेल बहुतेक इंग्रजीतच चालायचे, खाली मी मराठीत देतोय, सांगाडा तोच ठेवून भाषा बदला. आणि दहावीच्या पत्रलेखनातलं "महोदय, मी खाली सही करणारा" डोक्यातून काढून टाका, त्याला इथे मार्क नाहीत.

> विषय: ओएस लॅब, असाइनमेंट ३, मुद्दा ४: क्वांटम संपणे आणि नवीन प्रोसेस येणे एकाच क्षणी झाल्यास क्रम
>
> सर, नमस्कार.
>
> मी टीई कम्प्युटर, बॅच बी २, रोल नंबर ४७. असाइनमेंट ३ च्या पान २ वरील मुद्दा ४ चे दोन ठिकाणी दोन अर्थ निघत आहेत. शीटमधलं सॅम्पल दोन्ही अर्थांनी सोडवून पाहिलं, उत्तर सारखंच येतं, त्यामुळे सॅम्पलवरून ठरत नाही.
>
> १) "क्वांटम संपलेली प्रोसेस रांगेच्या शेवटी जाईल. नवीन आलेली प्रोसेस रांगेच्या शेवटी जाईल." दोन्ही एकाच क्षणी झालं तर रांगेत आधी कोण?
> उदाहरण, क्वांटम २: P1 (येण्याची वेळ ०, बर्स्ट ३), P2 (येण्याची वेळ २, बर्स्ट २)
> १-अ) नवीन आधी: क्रम P1 P2 P1, सरासरी वेटिंग १.००
> १-ब) जुनी आधी: क्रम P1 P1 P2, सरासरी वेटिंग ०.५०
>
> २) "सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत छापा." १७/३ आलं तर
> २-अ) ५.६७
> २-ब) ५.६६ (पुढचे अंक कापून)
>
> तोपर्यंत मी १-अ आणि २-अ धरून सुरुवात करतो आहे. यात बदल हवा असेल तर "१-ब" किंवा "२-ब" एवढंच कळवलंत तरी पुरे. सबमिशन २० तारखेला आहे. आपली हरकत नसेल तर आपलं उत्तर क्लासच्या ग्रुपवरही टाकेन.
>
> धन्यवाद,
> (पूर्ण नाव, रोल नंबर)

आता यातल्या एकेका गोष्टीमागे काय आहे ते सांगतो, सगळ्यांचं नाही, ज्यावर पोरं घसरतात तेवढंच.

विषयात नुसतं "डाउट" लिहिलं तर सरांच्या इनबॉक्समध्ये तसे चाळीस मेल आहेत. विषयाच्या ओळीत कोर्स, असाइनमेंट आणि मुद्दा नंबर आला पाहिजे, आणि त्याचा दुसरा फायदा म्हणजे तीन आठवड्यांनी वादाच्या वेळी हा मेल शोधला की सापडतो. फोनवर विषयाची पहिली पाच-सहा शब्दांपुरतीच ओळ दिसते, म्हणून नाव-गाव आधी, तपशील नंतर.

शीटमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, अवतरणात. स्वतःच्या शब्दात लिहिलं की सर तुमच्या शब्दांना उत्तर देतात, शीटला नाही. आणि शीटचा तिरका फोटो जोडू नका, ट्यूबलाइटच्या चकाकीत मुद्दा ४ च गायब असतो, अनुभव आहे.

"सॅम्पल दोन्ही अर्थांनी सोडवून पाहिलं" हे एक वाक्य फार काम करतं. "सॅम्पल बघा" हे सरांचं ठरलेलं उत्तर आहे आणि ते त्यांनी द्यायच्या आधीच तुम्ही दिलंत. पण खरंच सोडवलेलं असेल तरच लिहा, हो, कारण एका वर्षी एकाने हे वाक्य मित्राच्या मेलमधून उचलून चिकटवलं आणि त्याचा डाउट सॅम्पलमध्येच सुटत होता, सरांनी भर लॅबमध्ये त्याला फळ्यावर सोडवायला लावलं.

"तोपर्यंत मी अ धरून सुरुवात करतो" हे लिहायला पोरं घाबरतात, उद्धट वाटेल म्हणून. वाटत नाही, फक्त "उत्तर आलं नाही तर मी अ धरणार" असं अल्टिमेटमसारखं लिहू नका, एवढाच फरक. याचा खरा उपयोग असा की सरांना अ मान्य असेल तर त्यांना काही करायचंच नाही, आणि मान्य नसेल तर ते गप्प बसत नाहीत. ते उत्तर द्यायला विसरले तरी तुम्ही आधी कळवलं होतं ही नोंद राहते. मात्र गप्प बसणं म्हणजे होकार असं स्क्रिप्ट मानत नाही, ते पुढे बघू.

मॅडम असतील तर मॅडम लिहा, नाव माहीत नाही म्हणून "सर/मॅडम" असं लिहिणारे महाभाग आहेत, ज्या बाई तुम्हाला आठवड्यातून चार तास शिकवतात त्यांना. ग्रुप असाइनमेंट असेल तर मेल एकानेच करायचा आणि बाकीच्यांना सीसीत ठेवायचं, तिघांनी तीन वेगळ्या शब्दांत तोच डाउट पाठवला की तीन वेगळी उत्तरं येतात. आणि एचओडींना सीसी? नाही. डाउट आहे, तक्रार नाही.

मेल पाठवायचा कधी, तर शीट आल्यापासून दोन दिवसांत, कोड लिहायला घ्यायच्या आधी. सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला आलेला डाउट कितीही खरा असला तरी सरांना तो मुदतवाढीचा अर्ज वाटतो.

उत्तर येईपर्यंत हात बांधून बसू नका

डाउट असला तरी नव्वद टक्के कोड दोन्ही अर्थांना सारखाच आहे. जो भाग वेगळा आहे तो एका जागी कोंडा म्हणजे उत्तर आलं की एक आकडा बदलायचा. आमच्या केसमध्ये ते असं होतं:

```c
#define NEW_FIRST 1

add_arrivals(NEW_FIRST ? t : t - 1);
if (rem[p] > 0) push(p);
add_arrivals(t);
```

`add_arrivals(x)` म्हणजे x पर्यंत आलेल्या आणि अजून रांगेत न घातलेल्या प्रोसेस रांगेत घालणं, t म्हणजे आत्ताची वेळ, p म्हणजे नुकतीच उठवलेली प्रोसेस आणि rem[p] म्हणजे तिचा उरलेला वेळ, वेळा पूर्णांकात आहेत म्हणून t - 1 चालतं. इथे एक खड्डा आहे. ब अर्थासाठी काही जणांनी सरळ `push(p)` वर आणि `add_arrivals(t)` खाली करून टाकलं. त्याने क्वांटमच्या मध्येच आलेली प्रोसेसही जुनीच्या मागे जाते, आणि ते तर दोन्ही अर्थांनी चूक आहे. ओळखायचं कसं, तर शीटमधलंच सॅम्पल चालवा: P2 १ ला आलीये, तरी क्रम P1 P1 P2 असा काहीतरी यायला लागला की समजा खड्ड्यात गेलात.

दोन दिवस (शनिवार-रविवार सोडून) उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर रिप्लाय करून एक ओळ: "सर, वरील शंकेबद्दल आठवण करून देतो आहे, सध्या १-अ धरलं आहे." नवीन मेल नको, आधीचा सगळा मजकूर खाली दिसला पाहिजे. त्यानंतरही नाही आलं तर लॅबमध्ये टीएला गाठा, त्याला स्क्रिप्ट कोणत्या अर्थाने लिहिलीये ते माहीत असायची शक्यता सरांपेक्षा जास्त असते, कारण बहुतेक वेळा ती त्यानेच लिहिलेली असते. मी तरी लिहिली होती.

उत्तर आलं पण कळलं नाही

हेही होतं. सर लिहितात, "फॉलो स्टँडर्ड." किंवा "रेफर टेक्स्टबुक." आता पुस्तकात ती केसच नाही हे आपण बघितलंय. इथे गप्प बसून आपल्या सोयीचा अर्थ घ्यायचा मोह होतो, घेऊ नका. परत लांब मेलही नको. रिप्लाय एवढाच: "सर, पुस्तकातल्या उदाहरणात सगळ्या प्रोसेस ० ला येतात, त्यामुळे ही वेळ येत नाही. म्हणजे १-अ (P1 P2 P1) धरू ना?" हो-नाहीवर आणून ठेवायचं.

दुसरा प्रकार, सर म्हणतात, "दोन्ही चालेल." ऐकायला गोड. पण स्क्रिप्ट असेल तर अपेक्षित फाइल एकच असते, तेव्हा नम्रपणे विचारा की टेस्ट केसेसमध्ये ही वेळ येते का, येत असेल तर तिथे कोणतं उत्तर धरलंय. आमच्या सरांनी खरंच "दोन्ही चालेल" म्हटलं होतं आणि माझ्या दहा टेस्टपैकी तिनांमध्ये ही टक्कर होती, आणि मी अपेक्षित फाइल बनवताना न कळत अ धरला होता. निकाल लावला तेव्हा निम्म्या वर्गाला दहापैकी सात. एका मुलीने मेल काढून दाखवला, "दोन्ही चालेल" हे सरांचं उत्तर खाली आणि तिचं दोन ओळींचं उदाहरण वर, आणि मग मला बसून त्या तीन टेस्टसाठी दुसरी अपेक्षित फाइल बनवून सगळ्यांचं परत चालवावं लागलं. शनिवार गेला माझा.

तिसरा प्रकार म्हणजे उत्तर तोंडी मिळतं, कॉरिडॉरमध्ये, चालता चालता, "हां हां नवीनला आधी घे." छान, पण त्याच दिवशी त्याच मेलच्या रिप्लायमध्ये लिहून टाका: "सर, आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे १-अ घेतो आहे. दुसऱ्या शंकेत २-अ धरलं आहे." सरांनी उत्तर नाही दिलं तरी चालेल, तारीख पडली. कारण व्हायव्हाला बाहेरचे एक्स्टर्नल येतात, त्यांना कॉरिडॉर माहीत नाही, ते विचारतात की इथे नवीन आधी का घेतली, आणि "सर म्हणाले" यापेक्षा README मधली ओळ दाखवणं बरं दिसतं:

```
मुद्दा ४: क्वांटम संपणे व नवीन येणे एकाच क्षणी असल्यास
नवीन प्रोसेस आधी (NEW_FIRST = 1). सरांशी मेलवर ठरल्याप्रमाणे.
सरासरी: %.2f (17/3 = 5.67)
```

ग्रुपवर उत्तर टाकताना सरांचा मेल स्क्रीनशॉट करून टाकण्यापेक्षा प्रश्न आणि उत्तर दोन्ही टाइप करून टाका, नुसतं "सर म्हणाले अ" टाकलं की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतोच, "अ म्हणजे कोणतं?"

पुढच्या वर्षीच्या शीटवर मुद्दा ४ मध्ये एक ओळ वाढली, "एकाच क्षणी असल्यास नवीन प्रोसेस आधी", आणि खाली ते P1, P2 चं दोन ओळींचं उदाहरण जसंच्या तसं. त्याच शीटवर मुद्दा ६ नवीन होता, प्रायॉरिटी शेड्युलिंग, आणि त्यात १ म्हणजे सगळ्यात वरची प्रायॉरिटी की सगळ्यात खालची हे लिहायचं राहून गेलं होतं. पहिला मेल दुसऱ्या दिवशी सकाळी आला, ६-अ, ६-ब सकट.